चार ओळी आणि एकीतही निष्कर्ष नाही

एल्सेव्हिअरच्या अनेक नियतकालिकांकडे शोधनिबंध पाठवताना सोबत ‘हायलाइट्स’ची वेगळी फाइल जोडावी लागते. तीन ते पाच ओळी, आणि प्रत्येक ओळ मोकळ्या जागा धरून 85 अक्षरांच्या आत. निबंध निघाला की या ओळी ऑनलाइन सारांशाजवळ दिसतात. घाईतला वाचक बहुतेक वेळा एवढंच वाचून पुढे जातो. मी मात्र ही फाइल सगळ्यात शेवटी केली, तीही पोर्टलने अडवलं म्हणून.

निबंध नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या भूजलातल्या फ्लोराइडवर होता. जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्टचा असला तरी देगलूर, बिलोली, किनवटकडे ग्रॅनाइट आणि नाइस उघडे पडतात, आणि फ्लोराइडचा त्रास अशाच खडकात जास्त. मी इंग्रजीत लिहिलेल्या ओळींचा मराठी अर्थ असा होता:

पूर्व नांदेडमधील भूजलाच्या गुणवत्तेचा अभ्यास केला.
विहिरी व बोअरमधील फ्लोराइडचे प्रमाण मोजले.
पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या बदलांची चर्चा केली.
जल गुणवत्ता निर्देशांक काढला.

संपादकांकडून निबंध परत आला, सोबत एकच वाक्य होतं: या ओळींतून तुम्हाला काय आढळलं ते कळत नाही. मला ते तेव्हा उगाचच खोडसाळ वाटलं. आढळलं ते आत पंचवीस पानांत लिहिलंच होतं की!

लातूरचे एक निवृत्त भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आहेत, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो. त्यांना मी त्या ओळी फोनवर वाचून दाखवल्या. ते म्हणाले, “अहो, ही तर तुमच्या निबंधाची अनुक्रमणिका झाली. किल्लारीचं बघा. 1993 च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तिथं 617 मीटर खोल बोअर घेतलं. ‘किल्लारीत खोल बोअर घेतलं’ हे हायलाइट होईल का? का ‘किल्लारीखाली बेसाल्ट 338 मीटरवर संपतो’ हे?” त्या बेसाल्टखाली आठेक मीटर गाळाचा थर लागला आणि मग स्फटिकी पायाखडक. पहिली ओळ बोअर घ्यायच्या आधीही लिहिता आली असती. दुसरी ओळ गाभा हातात आल्याशिवाय कुणालाच लिहिता आली नसती. सरांनी मला एवढीच चाचणी दिली: काम सुरू करण्याआधी जी ओळ लिहिता आली असती, ती काढून टाका.

या चाचणीत माझ्या चारही ओळी पडल्या. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पीएच.डी.च्या आराखड्यातली ‘उद्दिष्टे’ मी तशीच उचलली होती आणि ‘अभ्यास करणे’चं ‘अभ्यास केला’ एवढंच केलं होतं. शिवाय मनात एक भीती होती, तिचं नाव घ्यायला नको वाटतं. आकडा ठळक जागी लिहिला की त्याला उत्तरही द्यावं लागतं. ‘प्रमाण मोजले’ या वाक्यावर कुणी आक्षेप घेत नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. नवी ओळ लिहिली: ‘खोल बोअरमुळे पाण्यातले फ्लोराइड मर्यादेबाहेर जाते.’ क्रियापद आलं, ठाम विधान झालं, मी खूश. सरांनी विचारलं, “तुमची खोल बोअर कोणत्या खडकात आहेत?” जवळपास सगळी ग्रॅनाइटमध्ये. “आणि उथळ विहिरी?” बहुतेक वरच्या झिजलेल्या थरात. म्हणजे खोली आणि खडक हे दोन्ही एकत्रच बदलत होते, आणि नमुने ज्या पद्धतीने घेतले होते त्यातून एकाचा परिणाम दुसऱ्यापासून वेगळा काढायची सोय नव्हती. ‘मुळे’ हा शब्द आमच्या माहितीला पेलणारा नव्हता. निबंधाच्या चर्चेतही मी हाच शब्द दोन ठिकाणी वापरला होता, तो तिथूनही काढावा लागला. शेवटी राहिली ती ओळ साधी होती: ‘ग्रॅनाइटमधील बोअरमध्ये फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅमवर, विहिरींत त्याखाली.’ लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम ही भारतीय मानकातली, दुसरा स्रोत नसेल तेव्हाची कमाल मर्यादा. ती ओळीत असली की वाचकाला जास्त म्हणजे किती हे वेगळं विचारावं लागत नाही.

85 अक्षरांसाठी कापाकापी करतानाही मी चुकीचंच कापत होते. खडकाचं नाव, मर्यादेचा आकडा आणि ‘विहिरींत त्याखाली’ ही तुलना आधी उडवली आणि ‘प्रस्तुत अभ्यासातून असे दिसून आले की’ हे शेपूट जपून ठेवलं. इंग्रजीत ते शेपूट तीसेक अक्षरं खातं. ते गेल्यावर बाकी सगळं बसलं.

तिसरी ओळ सोपी निघाली. पावसाळ्यानंतर विहिरींत फ्लोराइड उतरलं होतं, बोअरमध्ये जवळपास तेवढंच राहिलं होतं. ‘बदल आढळला नाही’ हाही निष्कर्षच असतो, हे मी बोअरच्या बाबतीत विसरले होते. निबंधात तो भाग अर्ध्या वाक्यात आटोपला होता.

खरी अडचण आली चौथ्या ओळीत. ‘जल गुणवत्ता निर्देशांक काढला.’ बरं, मग तो किती आला? तक्ता पुन्हा उघडला. बहुतेक बोअर ‘चांगले’ या गटात, म्हणजे निर्देशांक 50 ते 100. त्यात ती बोअरही होती, ज्यांचं फ्लोराइड मर्यादेबाहेर असल्याचं मी दुसऱ्या ओळीत नुकतंच लिहिलं होतं! आधी वाटलं, तक्ता करताना चूक झाली. चूक नव्हती. आम्ही वापरलेल्या पद्धतीत प्रत्येक घटकाला 1 ते 5 असं वजन देतात आणि मग सगळ्यांची भारित सरासरी काढतात. समजा फ्लोराइडचा वाटा 15 टक्के आहे आणि पाण्यात ते 2 मिलिग्रॅम आहे. मर्यादेच्या तुलनेत ते 133 टक्के, त्याचे 15 टक्के म्हणजे 20. बाकीचे घटक सरासरी 50 टक्क्यांवर असतील तर त्यांचे 85 टक्के म्हणजे साडेबेचाळीस. बेरीज सुमारे 62, गट ‘चांगले’. पिणाऱ्याचे दात मात्र 2 मिलिग्रॅमवरच डागाळतात, सरासरीवर नाही.

दुसऱ्या एका प्रचलित पद्धतीत मर्यादा जितकी लहान तितकं वजन जास्त असतं. तिथे फ्लोराइडचा वाटा मोठा होतो आणि असं झाकलं जाणं अवघड होतं. म्हणून ओळीत पद्धत सांगणंही भाग होतं. अखेर लिहिलं: ‘1–5 वजनांचा निर्देशांक फ्लोराइड मर्यादेबाहेरच्या बोअरनाही “चांगले” ठरवतो.’

ही गोष्ट माझ्या तक्त्यात आधीपासून पडून होती, शेवटून दुसऱ्या पानावर. निबंध लिहिताना, तपासताना, सहलेखकांना पाठवताना ती कुणालाच दिसली नाही, कारण त्या भागाचं शीर्षक ‘जल गुणवत्ता निर्देशांक’ होतं आणि आम्ही सगळे ते शीर्षक वाचूनच पुढे जात होतो. दुसरी आवृत्ती पाठवताना तो तक्ता पुढे आणला, ‘अभ्यास केला’ ही पहिली ओळ काढून टाकली आणि फाइलमध्ये तीनच ओळी ठेवल्या, नियमात बसतात म्हणून. निबंधाचं शीर्षक मात्र ‘पूर्व नांदेडमधील भूजल गुणवत्ता’ असंच राहू दिलं. तेही बदलायला हवं होतं.