वसईचा तह : स्लाइडवरच्या तारखा आणि तक्त्यातले रिकामे घर

१/
उत्तर पेशवाईवरील सादरीकरणांत बहुधा चार स्लाइड एकामागून एक येतात : १७९५, सवाई माधवरावांचा मृत्यू; १८००, नाना फडणवीसांचे निधन; १८०२, वसईचा तह; १८१८, पेशवाईचा अस्त. बाणाने जोडलेल्या या तारखा पाहणाऱ्याच्या मनात एक वाक्य तयार होते : नाना गेले, म्हणून पेशवाई गेली. हे वाक्य कोणत्याही स्लाइडवर नसते. ते बाणामुळे सुचते.

२/
हीच माहिती दिनांक, घटना, कारण आणि परिणाम अशा चार रकान्यांत मांडली, की बाण नाहीसा होतो आणि त्याच्या जागी एक प्रश्न उरतो. कारणाच्या रकान्यासाठी एकच नियम पुरतो : तेथे केवळ आधीची घटना लिहायची नाही, कोणी, कशामुळे, काय केले ते लिहायचे. तसे लिहिता येत नसेल, तर घर रिकामे ठेवायचे.

३/
वसईची ओळ घेऊ. दिनांक ३१ डिसेंबर १८०२. कारण ‘नानांचे निधन’ असे लिहावे, तर ती घटना १३ मार्च १८०० ची. मधल्या पावणेतीन वर्षांत कोणी काय केले, याचे उत्तर मूळ स्लाइडांत नाही. घर रिकामे राहते, आणि हे रिकामेपणच उपयोगाचे. बाजीराव वसईस होते, कारण ते पुण्याहून निघून गेले होते. आणि ते निघून गेले, कारण २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. तक्त्यात एक नवी ओळ आली.

४/
मग यशवंतराव पुण्यावर का आले? १७९७ मध्ये तुकोजी होळकर वारले. वारशाच्या तंट्यात दौलतराव शिंद्यांनी हात घातला आणि त्यात मल्हारराव होळकर मारले गेले. एप्रिल १८०१ मध्ये त्यांचे बंधू विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. यशवंतराव या दोघांचे भाऊ. सादरीकरणात राज्यकर्त्यांचे मृत्यू, लढाया आणि तह निवडले जातात. विठोजींचा वध यांपैकी कशातच बसत नाही, म्हणून तो गळतो. त्याच्यासह कारणाची साखळीही तुटते.

५/
नानांचे काय करायचे? त्यांचे निधन येथे ठिणगी नव्हे, परिस्थिती आहे : शिंदे, होळकर आणि पेशवे यांच्यात मध्यस्थी करू शकेल असा वजनदार माणूस पुण्यात उरला नव्हता. पुणे दरबाराच्या रिकाम्या खजिन्याचेही तसेच. त्याला एक तारीख देता येत नाही. अशा नोंदींपुढे ‘स्थिती’ असे लिहावे, म्हणजे त्या प्रत्यक्ष कृतींत मिसळत नाहीत.

६/
एवढ्याने अर्धीच ओळ भरते. बाजीरावांना आश्रय का हवा होता हे कळले. कंपनीने तो कोणत्या हेतूने दिला हे नाही. त्याचे उत्तर ‘इंग्रज’ नावाच्या वेगळ्या स्लाइडवर पडलेले असते. गव्हर्नर जनरल वेलस्लीने १७९८ मध्ये निजामाला तैनाती फौजेच्या करारात बांधले. १७९९ मध्ये टिपू पडला. पुण्यासही असा करार सुचवण्यात येत होता, पण बाजीराव तो टाळत होते. हडपसरनंतर टाळणे अवघड झाले.

७/
आता ओळ अशी दिसते :

दिनांक : ३१ डिसेंबर १८०२
घटना : वसईचा तह
कारण : हडपसरच्या पराभवानंतर बाजीरावांनी पुणे सोडले, कंपनीला पुण्याशी तैनाती करार हवा होता
स्थिती : दरबारात मध्यस्थ नाही, खजिना रिकामा
परिणाम : किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख, परराज्यांशी व्यवहारावर कंपनीचे बंधन

८/
परिणामाच्या रकान्यात ‘पेशवाईचा अंत’ लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना तह मान्य नव्हता. त्यातून १८०३ चे युद्ध झाले आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई. हा परिणाम पुढच्या ओळीचे कारण म्हणून पुन्हा दिसतो. १८१८ मात्र वसईपासून पंधरा वर्षे दूर आहे. मध्ये १८१७ चा पुण्याचा तह आणि खडकीची लढाई आहे. या ओळी न भरता थेट १८१८ लिहिले, तर जुना बाणच रकान्यात शिरतो.

९/
तक्त्यालाही मर्यादा आहे. सगळी घरे भरली, की घडले ते घडणारच होते असे वाटू लागते. हडपसर आणि वसई यांच्यामध्ये ६७ दिवस आहेत. या काळात बाजीराव सिंहगड, रायगड, महाड, सुवर्णदुर्ग असे फिरत होते, आणि त्यांनी पुण्यास परतावे म्हणून होळकरांकडून प्रयत्न चालू होते. ते परतले असते, तर ३१ डिसेंबरची ओळ वेगळी झाली असती. म्हणून या दोन ओळींमध्ये आणखी एक ओळ असावी : घटना, ‘बाजीरावांचा परतण्यास नकार’, कारण, विठोजींच्या वधानंतर होळकरांवर विश्वास ठेवण्याची भीती.