बंद फोनवरची चार ओळींची चिठ्ठी



दशलक्षण पर्व जवळ आलं की मला आमच्या सासूबाईंची ती सकाळ आठवते. आदल्या दिवशी त्यांचं एकासन होतं. दुपारी एकदाच जेवल्या आणि जेवणासोबत शुगरची गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही न घेता त्या अभिषेकाला गेल्या. परत येताना आर्वी नाक्याजवळ पाय लटपटले आणि त्या रस्त्याच्या कडेला बसल्या, मग आडव्या झाल्या.

लोक चांगले होते. एका भाजीवाल्या बाईने डोकं मांडीवर घेतलं, कुणी पाणी आणलं. पण अर्धवट शुद्धीतही सासूबाईंनी ओठ मिटून घेतले, कारण नियम होता. लोकांना वाटलं, ऊन लागलं. त्यांना मधुमेह आहे हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. पिशवीत फोन होता, पण नातवाने त्याला पॅटर्न लावून दिलेला. मंदिरात जाताना आवाजही बंद केलेला, म्हणून आमचे फोन आले तेही कुणाला कळले नाहीत. शेवटी कुणीतरी १०८ ला फोन केला.

दवाखान्यात बोटातून रक्त काढून शुगर तपासली, ती ४२ निघाली. ७० च्या खाली गेली की कमी समजतात. ग्लुकोज चढवल्यावर त्या थोड्या वेळात बोलू लागल्या. पण डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "गोळी कोणती घेता?" सासूबाई म्हणाल्या, "पांढरी, लहानशी." बस, इतकंच.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते मला नंतर समजलं. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर इतकी खाली सहसा जात नाही. त्यांची गोळी होती ग्लिमेपिराइड. तिचा असर दिवसभर टिकतो. म्हणजे ग्लुकोजने माणूस उठून बसला, तरी काही तासांनी शुगर पुन्हा घसरू शकते. गोळीचं नाव माहीत नसतं, तर बरं वाटतंय म्हणून घरी आणलं असतं आणि रात्री झोपेतच पुन्हा तेच झालं असतं. आमचे हे गोळ्यांचं पाकीट घेऊन पोचले, मग त्यांना रात्रभर ठेवून घेतलं.

घरी आल्यावर मी त्यांचा फोन हातात घेतला. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये `Safety & emergency` नावाचं पान असतं. कंपनीप्रमाणे नाव थोडं बदलतं, पण सेटिंगच्या शोधात emergency लिहिलं की सापडतं. आयफोनमध्ये हेच काम Health ॲपमधल्या `Medical ID` मध्ये होतं.

आधी वैद्यकीय माहिती भरली. तिथे लांबलचक इतिहास नको, बेशुद्ध माणसाबद्दल परक्याला लागेल तेवढंच हवं. गोळीचं नाव पाकिटावर आहे तसंच इंग्रजीत, मात्रेसह लिहिलं: `Glimepiride 2 mg`. सेवाग्रामला किंवा सावंगीला शिकाऊ डॉक्टर देशभरातून आलेले असतात, त्यांना मराठी येईलच असं नाही. खाली `Diabetes. Fasting for religious vow. Check sugar.` आणि रस्त्यावरच्या माणसासाठी मराठीत: "मधुमेह आहे. उपवास असू शकतो. शुद्धीत असेल तर साखर द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका." बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. रक्तगट मात्र रिकामा ठेवला, कारण आम्हाला खात्री नव्हती. रक्त देण्याआधी दवाखान्यात तपासतातच. अंदाजाने भरलेला गट गोंधळच करेल. पत्ता आणि आधार क्रमांकही लिहिला नाही, कारण ही माहिती फोन हातात येईल त्या कुणालाही दिसते.

मग नातेवाइकांचे दोन नंबर. सासूबाईंच्या फोनमध्ये मुलाचं नाव "बाळू" होतं. वाचणाऱ्याला हा मुलगा की दूधवाला, कसं कळणार? मी "मुलगा" आणि "मुलगी नागपूर" असं करून टाकलं. दोघं एकाच घरातले नकोत, एकाचा फोन बंद असेल तर दुसरा तरी लागावा.

इथे माझी चूक झाली. सगळं भरलं, समाधान वाटलं, आणि आठवड्याने सहज पाहिलं तर बंद फोनवर काहीच दिसेना! ही माहिती लॉक असताना दाखवायची, असं बटण वेगळं असतं आणि मी ते चालूच केलं नव्हतं. आयफोनवर त्याचं नाव `Show When Locked` आहे. म्हणून भरून झालं की फोन बंद करा आणि शेजारच्या मुलीच्या हातात द्या. तिने पॅटर्न न टाकता, खालच्या `Emergency` वर बोट ठेवून तुमची गोळी आणि मुलाचा नंबर काढून दाखवला, तरच काम झालं.

तिसरी गोष्ट म्हणजे `Emergency SOS`. बाजूचं बटण भराभर दाबलं की फोन ११२ ला लागतो आणि ठरवलेल्या माणसांना ठिकाणासह संदेश जातो. बहुतेक फोनमध्ये पाच वेळा दाबायचं असतं, किती ते त्याच पानावर लिहिलेलं असतं. हे शुद्धीत असलेल्या माणसाच्या कामाचं आहे: छातीत दुखतंय, घसरून पडलात, कुणी मागे लागलंय. मात्र संदेश जायला फोनचा रिचार्ज संपलेला नको आणि लोकेशन चालू हवं. आणि एक सांगते, सुरुवातीला त्यातला भोंग्याचा आवाज मी बंद केला नव्हता. प्रवचनात सासूबाईंच्या घट्ट बटव्यात बटण दाबलं गेलं आणि साऱ्या सभेने मागे वळून पाहिलं! ११२ लागण्याआधी काही सेकंद उलटे मोजले जातात, तेवढ्यात बंद करता येतं. लागलाच तर गप्प राहून कापू नका, चुकून लागला असं सांगा.

बटणांचा साधा फोन वापरणाऱ्या मावश्यांनाही सोय आहे. २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की मदतीचा फोन जावा, असा सरकारी नियम आहे. गोळीचं नाव मात्र कागदावर लिहून फोनच्या पाठीला चिकटवावं लागेल.

सासूबाईंनी ती चिठ्ठी वाचली तेव्हा "साखर द्या" या शब्दांवर थांबल्या. म्हणाल्या, "माझा नियम असेल तर?" मी काही बोलले नाही. त्या स्वतःच माताजींना विचारून आल्या. आता नियम घेतानाच त्या म्हणतात, तब्येत बिघडली तर औषध घेईन. पर्वाआधी डॉक्टरांकडूनही गोळी कधी घ्यायची आणि कधी नाही, हे ठरवून आणतात. ते बदललं की फोनमधली ओळही मी बदलते.

यंदाही त्यांचं एकासन आहे. अभिषेकाला निघताना फोनचा आवाज बंद करतात, आणि मला दाखवून `Emergency` वर एकदा बोट ठेवतात.