‘देयधमस घे’ : लिपिवर्गाची एक आठवण

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या सभागृहात रविवारी भरणाऱ्या लिपिवर्गाखेरीज दुसरा विषय आम्हांस सुचला नाही. ज्या लिपीला विद्वान ब्राह्मी म्हणतात आणि सम्राट अशोकाने स्वतःच्या लेखांत ‘धंमलिपि’ असा जिचा उल्लेख केला, ती प्रौढांना शिकविण्याचा हा वर्ग. माजी विद्यार्थी, पालक, दोन निवृत्त कर्मचारी आणि वयाच्या पन्नाशीनंतर देवनागरी वाचावयास शिकलेल्या एक आजी, असे आमचे विद्यार्थी. वर्ग निघाला तो एका संकोचातून. अहिल्यानगरहून आळेफाट्यामार्गे जुन्नरची लेणी पाहावयास गेलो असता, भिंतीवरील ओळींसमोर आम्ही सारेच निरक्षर उभे होतो.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. अशोककालीन अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावला आणि क, ख, ग, घ या क्रमाने दर रविवारी एकेक वर्ग शिकवू लागलो. तक्त्यासमोर सारे बिनचूक म्हणत. मग एके दिवशी तीच अक्षरे पत्त्यांवर लिहून, पिसून एकेक दाखविली, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. मंडळींना अक्षराची आकृती ठाऊक नव्हती, तक्त्यातील त्याची जागा ठाऊक होती. लहान मूल ‘येत नाही’ असे सांगून मोकळे होते. प्रौढ मनुष्य मान डोलावतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. आमचे निम्मे विद्यार्थी असेच गळाले.

दुसऱ्या वर्षी तक्ता उतरविला. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांना या लिपीची किल्ली सापडली, ती सांचीच्या छोट्या छोट्या दानलेखांत. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात हे त्यांनी हेरले आणि तेथे ‘दानं’ असावे असा तर्क केला. आम्हीही तेथूनच आरंभ केला. द आणि न ही दोन अक्षरे, अक्षराच्या माथ्याशी उजवीकडे निघणारी काना दाखविणारी आडवी रेघ, आणि अनुस्वाराचा टिंब. पहिल्याच तासाला प्रत्येकाने पाटीवर एक पुरा शब्द लिहिला आणि वाचला. दुसऱ्या तासाला फक्त स. मराठीतील ‘चा, ची, चे’ यांचे काम करणारा हा प्रत्यय दात्याच्या नावामागे सर्वत्र भेटतो.

पुढील क्रम आम्ही जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखावरून ठरविला. तो असा : यवनस चिटस गतानं भोजनमटपो देयधम सघे. या एका ओळीत पंधरा व्यंजने आणि पाचच स्वरचिन्हे आहेत. क आणि र तर नाहीतच. म्हणजे संपूर्ण वर्णमाला येण्याची वाट न पाहता मनुष्य खरा लेख वाचू शकतो. दर रविवारी दोन किंवा तीन अक्षरे, तीही एकमेकांसारखी न दिसणारी. उदाहरणार्थ ग म्हणजे उलटे ठेवलेले इंग्रजी व्ही, आणि त्याच्याच डोक्यावर उभी रेघ काढली की त होतो. ही दोन्ही एका दिवशी दिली तर आठवडाभर गोंधळ होतो. प आणि स यांचेही तसेच. म्हणून आधी एक पक्के होऊ द्यावे, दोन आठवड्यांनी दुसरे द्यावे आणि मगच दोन्ही शेजारी ठेवून फरक बोटाने दाखवावा. स्वरचिन्हांचे मात्र उलट आहे. उजवीकडे रेघ तो काना, डावीकडे रेघ ती मात्रा, दोन्हीकडे रेघा म्हणजे ओ. हे तिन्ही एकत्रच सांगितले तर एकमेकांच्या आधाराने लक्षात राहतात.

उच्चाराच्या अडचणीची आम्हांस कल्पना नव्हती. ध्वनी सारे ओळखीचे, मग अडचण कसली, असे वाटले होते. परंतु मराठी मनुष्य शब्दाच्या शेवटचा अ गिळतो. ‘यवनस’ हे तो ‘यवनस्’ असे म्हणतो, आणि मग श्रुतलेखनात अक्षरे कमी पडू लागतात. उपाय साधा निघाला : दर अक्षराला बाकावर एक टिचकी आणि पूर्ण उच्चार, य-व-न-स. टिचक्या आणि अक्षरे यांची संख्या जुळली नाही, तर कोठे तरी गिळले गेले आहे.

तयारी झाली की नाही हे पाहण्यासाठी आम्ही ओळखीचे शब्द कधी देत नाही. ‘दानं’ आता कोणीही आकारावरून ओळखील. त्याऐवजी ‘पोटगंसे’ असा निरर्थक शब्द लिहितो. जो अडखळत का होईना तो वाचतो, तो खरोखर वाचत आहे. जो त्याचा काही अर्थ लावू पाहतो, तो अंदाज करीत आहे.

अखेर तो लेख पाटीवर उतरविला, जसा दगडावर असतो तसा, शब्दांत अंतर न ठेवता. आता तोडावयाचे होते. स दिसला की शब्द संपला, हा नियम मंडळींनी पाठ केलेला. ‘यवनस’ तुटले, ‘चिटस’ तुटले. त्याच नियमाने शेवट तुटला तो असा : ‘देयधमस घे’. आजी प्रसन्न होऊन म्हणाल्या, “शेवटी ‘घे’ म्हणलंय बघा, गुरुजी! दिलंय तर घे म्हणतोय.”

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण चूक आजींची नव्हती, आमच्या नियमाची होती. स हा शब्दाच्या आरंभीही येऊ शकतो. दानलेखात काय दिले, कोणी दिले आणि कोणाला दिले या तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. येथे ‘कोणाला’ शिल्लक राहिले होते. म्हणजे स मागे न जोडता पुढे जोडावयाचा : सघे, अर्थात संघे, संघाला. कोरणाऱ्याने अनुस्वार दिलेला नाही. धम्माचा ‘धम’ झाला आहे, कारण या लेखांत जोडाक्षराचे द्वित्त सहसा दाखवीत नाहीत. मंडपाचा ‘मटप’ झाला आहे. आम्ही आता सक्त नियम केला आहे की आधी दगडावर जे आहे तेच उतरावे, आणि आपली दुरुस्ती खालच्या ओळीत लिहावी. तर अर्थ असा : यवन चिट याने संघाला दिलेला भोजनमंडप. ‘गतानं’विषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, तो शब्द आम्ही तसाच ठेवतो.

मग जुन्नरला पुन्हा गेलो. पाटीवरचे सारे येत असूनही पहिली दहा मिनिटे कोणाला काही वाचता येईना. आम्ही अशोककालीन वळण शिकविले होते, आणि लेण्यांतील अक्षरे त्यानंतर काही शतकांची. म आणि व यांचे गोल पोट तेथे त्रिकोणी झाले आहे, रेघांची डोकी जाड झाली आहेत. म्हणून आता शेवटचे दोन तास आम्ही केवळ लेण्यांच्या छायाचित्रांवर घालवितो. दगडातील चीर आणि काना यांतील फरक विजेरीचा प्रकाश बाजूने तिरपा टाकला की कळतो. कोरीव रेघेला सावलीची सरळ कड असते. अक्षरांत खडू भरणे किंवा पाणी मारणे हे कोणीही करू नये, दगड खराब होतो.

त्याच लेण्यांत टाक्यांच्या दानाचा आणखी एक लेख आहे : यवनस इरिलस गतानं देयधम बे पोढियो. त्यासाठी इ, र, ल, ब, ढ ही पाचच अक्षरे नवी लागतात. ‘पोढियो’ म्हणजे पाण्याची टाकी, एवढे आम्ही सांगितले. ‘बे’ म्हणजे काय, असे विचारताच मागच्या बाकावरून आजींचा आवाज आला, “बे एके बे. दोन टाकी.”