मॅगीच्या रिकॉलबद्दल माझं मत का बदललं

मी जनसंपर्क शिकवते. 2015 मधलं मॅगीचं प्रकरण वर्गात आलं की मी नेस्लेची बाजू घेत असे. उत्पादन सुरक्षित आहे असं कंपनी पहिल्या दिवसापासून सांगत होती आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवरची बंदी रद्द केली. मग तिचं बोलणं चुकलं कुठे, असं मी विचारायचे. आज माझं मत वेगळं आहे. टिमथी कूम्ब्स यांचा परिस्थितीजन्य संकट-संवाद सिद्धांत या प्रकरणाला नीट लावून पाहिला तेव्हा ते बदललं.

संकटात कंपनीने काय बोलावं, हे लोक तिला किती जबाबदार धरतात यावर ठरतं, असं कूम्ब्स सांगतात. कंपनी स्वतःच बळी असेल, उदाहरणार्थ खोट्या अफवेची, तर इन्कार चालतो. यंत्राच्या किंवा तंत्राच्या दोषामुळे माल परत घ्यावा लागला, तर परिस्थिती समजावून सांगून ठपका सौम्य करता येतो. दोष माणसांच्या हलगर्जीचा किंवा फसवणुकीचा असेल, तर माफी आणि भरपाईच लागते. पूर्वीची प्रकरणं गाठीशी असली की लोक एक पायरी वर चढून दोष देतात. नेस्लेच्या मागे तर 1977 पासूनचा बाळदुधाच्या पावडरीवरचा बहिष्कार होता.

मी मॅगीला अफवेच्या रांगेत बसवत असे, तेही न्यायालयाने नंतर नेमलेल्या प्रयोगशाळांच्या अहवालांवरून. ते अहवाल ऑक्टोबरमधले. कंपनीला बोलायचं होतं ते जूनमध्ये. उत्तर प्रदेशातल्या तपासणीत शिशाचं प्रमाण 17.2 पीपीएम निघाल्याची बातमी घरोघरी पोचली होती, मर्यादा होती 2.5. त्या दिवशी आई-वडिलांच्या मनात दोष कोणाकडे होता, हेच सिद्धांताला विचारायचं असतं. नंतर काय सिद्ध झालं, हा वेगळा प्रश्न आहे.

शिवाय संकटं दोन होती, हे मी बरीच वर्षं वेगळं काढलं नव्हतं. शिशाच्या बाबतीत कंपनीकडे स्वतःच्या आणि बाहेरच्या चाचण्या होत्या, तिथे ठाम राहणं समजू शकतं. पण पाकिटावर ‘नो ॲडेड एमएसजी’ छापलं होतं आणि तपासणीत एमएसजी सापडलं होतं. शेंगदाण्याचं प्रथिन, कांद्याची पूड, गव्हाचं पीठ यांत ग्लुटामेट मुळातच असतं, वरून काही घातलेलं नाही, हा खुलासा शास्त्राच्या दृष्टीने पटण्यासारखा आहे. तरी लेबलवर काय छापायचं ते कंपनीनेच ठरवलं होतं. एमएसजी नाही असं समजून पाकीट घेणाऱ्या बाईला त्यात आपली फसवणूकच दिसणार. इथे इन्काराला जागा नव्हती.

5 जूनला नेस्लेचे तेव्हाचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के दिल्लीत पत्रकारांसमोर आले. मॅगी सुरक्षित आहे, पण गोंधळामुळे ग्राहकांचा विश्वास डळमळला म्हणून माल परत घेत आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ते लेबलही काढणार असल्याचं त्यांनी सांगितलं. पूर्वी मला यात बाणेदारपणा दिसायचा. कूम्ब्स मात्र इन्काराची सांगड दुरुस्तीच्या कृतीशी घालू नका, असं बजावतात, कारण दोन्ही एकमेकांना खोडतात. सुरक्षित आहे तर परत का घेता, लेबल बरोबर आहे तर काढता का, हे प्रश्न त्या एकाच निवेदनातून उभे राहिले.

यावर वकील म्हणतील, चूक कबूल केली असती तर ती कोर्टात अंगाशी आली असती. ही भीती खरी आहे. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे 640 कोटींचा दावा लावलाच. पण घरातल्या पाकिटाचं काय करायचं, पैसे कुठे मिळतील, हे आधी सांगणं आणि तुमची काळजी आम्हाला कळते असं म्हणणं, यात गुन्ह्याची कबुली नसते. सिद्धांतात हे सगळ्या डावपेचांच्या आधी येतं. मे महिन्यात कंपनीचा भर मात्र तपासलेली बॅच जुनी आहे, तिची मुदत संपलेली आहे, हे सांगण्यावर होता.

13 ऑगस्टच्या निकालाचाही मी जास्त अर्थ काढत असे. कंपनीचं म्हणणं न ऐकता बंदी घातली आणि प्रयोगशाळा योग्य मान्यतेच्या नव्हत्या, या मुद्द्यांवर ती बंदी रद्द झाली. नव्या चाचण्यांसाठी न्यायालयाने मोहाली, जयपूर आणि हैदराबादच्या प्रयोगशाळा नेमल्या. त्यांत नमुने पास झाले आणि 9 नोव्हेंबरला मॅगी पुन्हा दुकानांत आली. जूनमधलं निवेदन बरोबर होतं की नाही, हे न्यायालयासमोर नव्हतंच.

मॅगी पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेली, मग तुमच्या सिद्धांताचं काय, असं विद्यार्थी विचारतात. तीस वर्षांची माया पाठीशी होती, आणि चाचण्यांचे निकालही बाजूने लागले. त्यांतलं कशाचं श्रेय किती, हे एका प्रकरणावरून सांगता येत नाही, आणि तसं मी त्यांना सांगते.