विषयबदलाचा अर्ज

अर्ज म्हणजे मागणी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः चांगला अर्ज म्हणजे उत्तर असते. वाचणाऱ्याच्या मनात जे प्रश्न उभे राहतील, त्यांचे आधीच दिलेले उत्तर. माझ्या भाच्याच्या एका अर्जावरून ही गोष्ट माझ्या चांगली ध्यानात आली.

तो रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात अकरावीच्या विज्ञानशाखेत शिकत होता. ऐच्छिक विषयांत त्याने जीवशास्त्र घेऊन गणित सोडले होते. ५ आठवडे लोटल्यावर त्याला गणित हवेसे वाटू लागले. त्याने प्राचार्यांना लिहिले, ‘जीवशास्त्रात माझे मन रमत नाही. माझे मित्र गणिताच्या वर्गात आहेत. तरी कृपया विषय बदलून द्यावा.’ तो कागद मला दाखवून म्हणाला, “मामा, एवढे पुरे ना?”

मी म्हटले, “अरे, उद्या गणितातही मन रमले नाही तर? प्राचार्य हेच विचारतील. तुला गणित हवे तरी कशासाठी?”

“मला जहाजावर अधिकारी व्हायचे आहे,” तो म्हणाला आणि त्याने एक आकृती काढली. जहाज सरळ चालले असता दीपगृह त्याच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करून दिसले. पुढे तेच दीपगृह बरोबर काटकोनात आले. तेवढ्या अवधीत जहाज ४ मैल गेले असेल, तर दीपगृहही त्या वेळी जहाजापासून ४ मैलांवरच असते. कारण त्या त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतात.

“मग हेच लिही की!” मी म्हणालो.

दुसरा अर्ज असा उतरला :

‘माननीय प्राचार्य महोदय,

विषय : जीवशास्त्राऐवजी गणित हा विषय मिळण्याबाबत.

बारावीनंतर नौकानयनशास्त्राच्या पदवीस जाण्याचा माझा विचार आहे. त्या प्रवेशासाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय लागतात. पहिले दोन मी घेतले आहेत. गणित घेतलेले नाही. जहाजाचे स्थान कोनांवरून ठरवितात, म्हणून त्रिकोणमिती मला पुढेही लागेल. दहावीस गणितात मला १०० पैकी ८४ गुण होते. वर्गात ‘कोन व त्याचे मापन’ हे प्रकरण झाले असून त्रिकोणमिती चालू आहे. राहिलेली उदाहरणे मी रविवारी सोडवीन आणि महिनाअखेर वही दाखवीन. जीवशास्त्र सोडल्यावर वैद्यकीय शिक्षणाकडे वळणे अवघड होईल, हे मी व माझ्या वडिलांनी विचारात घेतले आहे. त्यांची संमतीची सही खाली आहे.’

या अर्जातील शेवटची दोन वाक्ये मला अधिक मोलाची वाटली. काय मिळवायचे हे पुष्कळांना सांगता येते; त्यासाठी काय सोडावे लागेल, हे फार थोडे जण लिहितात.

गणिताच्या वर्गात जागा आहे की नाही, तेवढे प्राचार्यांनी पाहिले आणि अर्ज मंजूर केला. विचारण्यासारखे दुसरे काही त्या अर्जाने ठेवलेच नव्हते. महिनाअखेरीस मात्र त्यांनी वही मागवून घेतली.