नाडीची चाल आणि उद्याचा कठीण सराव

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचा सर्वांत कठीण सराव नेमका दिवाळीच्या आगेमागे येतो. एकीकडे ऑक्टोबरचा उकाडा, जागरणं, पाहुणे, फराळ आणि पहाटेचं अभ्यंगस्नान. दुसरीकडे मंगळवारचे इंटरव्हल्स आणि रविवारचा लाँग रन. ‘सकाळी घड्याळ लाल रंग दाखवतं, मग पळायचं की नाही, यावर लिहा,’ असं संपादकांनी सुचवलं. प्रश्न अगदी योग्य आहे, पण तो विचारला जातो चुकीच्या जागी. एका सकाळच्या आकड्यात कठीण सरावाचा निर्णय बसत नाही. तो बसतो दोन आकड्यांच्या आठवडाभराच्या चालीत, आणि तीही स्वतःच्याच आधीच्या महिन्या-दोन महिन्यांशी ताडून पाहिलेल्या. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पण ते पटण्यासाठी हे आकडे येतात कुठून हे थोडं खोलात जाऊन पाहावं लागेल.

हृदयाच्या उजव्या कप्प्यात, वरच्या बाजूला पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. ठोक्याची सुरुवात तिथून होते. मज्जातंतूंचा कुठलाही लगाम नसेल तर हा पुंजका मिनिटाला साधारण शंभर ठोके देईल. शांत बसलेल्या माणसाची नाडी साठ-सत्तरवर राहते ती व्हेगस या मज्जातंतूमुळे. तो अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सोडून वेग खाली धरतो. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगातून हा रासायनिक निरोप पहिल्यांदा सिद्ध झाला. आपण श्वास आत घेतो तेव्हा व्हेगसची पकड सैल होते आणि ठोके जवळ येतात. श्वास सोडताना पकड घट्ट होते आणि ठोके लांबतात. म्हणजे निरोगी हृदय शांत असताना घड्याळाच्या काट्यासारखं एकसारखं चालतच नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमी-जास्त होत राहणं, हीच हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे एचआरव्ही. ‘नाडी अगदी नियमित आहे, म्हणजे सगळं उत्तम’ हा समज इतका पक्का रुजला आहे की इथपासूनच सुरुवात करावी लागते.

आकडा कसा काढतात तेही एकदा डोळ्यांनी पाहावं. लागोपाठच्या ठोक्यांमधली पाच अंतरं ११४०, ११९०, ११७०, १११० आणि ११५० मिलिसेकंद आहेत असं धरा. सरासरीने ही नाडी मिनिटाला ५२ होते. शेजारशेजारच्या अंतरांमधले फरक ५०, २०, ६० आणि ४०. त्यांचे वर्ग करून सरासरी काढली की २०२५ येतात आणि त्याचं वर्गमूळ ४५. या ४५ मिलिसेकंदांना आरएमएसएसडी म्हणतात. बहुतेक अ‍ॅप्स हाच आकडा, किंवा त्याचा लॉगरिदम घेऊन सोयीचा केलेला आकडा, दाखवतात. इथे वर्ग केला जातो हे लक्षात ठेवा, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. समजा एका मिनिटाच्या नोंदीत एकच ठोका अवेळी पडला: आधीचं अंतर ७५० आणि नंतरचं १५५०. असे अवेळी ठोके निरोगी माणसालाही अधूनमधून पडतात. पण त्या एका ठोक्याने मिनिटभराचा आकडा ४५ वरून १४० च्या वर जातो. अ‍ॅपने तो ठोका ओळखून वगळला नाही, तर पळणाऱ्याला वाटतं की आज शरीर जबरदस्त ताजंतवानं आहे. म्हणून अचानक दुपटी-तिपटीने चढलेल्या आकड्यावर आनंद मानण्याऐवजी तो टाकून द्यावा आणि पुन्हा मोजावं. मनगटावरचं घड्याळ त्वचेखालच्या रक्तप्रवाहावर प्रकाश टाकून मोजतं, हात हलला की चुकतं. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत घेतो, त्यामुळे सकाळच्या मोजणीसाठी तो जास्त भरवशाचा. उठल्यावर लघवीला जाऊन यावं, चहाच्या आणि फोनच्या आधी बसून किंवा पडून दोन-तीन मिनिटं मोजावं. आज बसून आणि उद्या पडून असं मात्र करू नये.

आता एक उदाहरण आकड्यांसह पाहू. ते समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण असा आलेख प्रत्यक्षात नेहमी दिसतो. बेचाळीस वर्षांचा एक हौशी धावपटू. दोन महिन्यांच्या नोंदीत त्याचा आरएमएसएसडी सरासरी ४५ आणि नाडी ५२. एकेका दिवसाचा आकडा बराच वरखाली होतो, म्हणून सात दिवसांची सरासरी घ्यायची आणि तिच्यासाठी एक अरुंद पट्टा ठरवायचा. रोजच्या चढउताराचं जे प्रमाण विचलन असतं त्याच्या निम्मं वर, निम्मं खाली, अशी पद्धत रूढ आहे. याच्या बाबतीत तो पट्टा ४१ ते ४८ मिलिसेकंद, आणि नाडीचा ५१ ते ५३. बुधवारपासून रविवारपर्यंत सकाळचे आकडे ४६, ४४, ४७, ४३, ४८. रविवारी तो २८ किलोमीटर पळाला. सोमवारी ३४, मंगळवारी ३८, नाडी ५४ आणि ५३. घड्याळ दोन्ही दिवस लाल. पण सात दिवसांची सरासरी ४३ आहे आणि नाडीची ५२ च्या आसपास, दोन्ही पट्ट्याच्या आत. लांब पळण्यानंतर व्हेगसची पकड दिवस-दोन दिवस ढिली राहणं अपेक्षितच आहे. मंगळवारचे इंटरव्हल्स त्याने करावेत. फक्त पहिल्या दोन फेऱ्यांत पाय कसे आहेत ते पाहावं.

पुढे दिवाळी लागते. बुधवारी ३९, गुरुवारी ३३, नाडी दोन्ही दिवशी ५५. गुरुवारी सात दिवसांची सरासरी ४० वर येते, म्हणजे पट्ट्याखाली, आणि नाडीची सरासरी ५३ च्या पुढे सरकते. दोन्ही आकडे एकाच वेळी वाईट दिशेने गेले, आणि यावेळी मागे लांब पळण्याचं कारण उरलेलं नाही. शुक्रवारचा टेम्पो रन इथे रद्द व्हायला हवा, त्याऐवजी चाळीस मिनिटं हलकं पळणं. शुक्रवार ते रविवार ३७, ४०, ३५. नाडी ५६, ५५, ५७. रविवारी सरासरी साडेछत्तीस आणि ५५. लाँग रन निम्म्यावर आणावा, पुढच्या मंगळवारचे इंटरव्हल्स पुढे ढकलावेत. सण सरतो, झोप भरते, आणि सोमवारपासून ३९, ४३, ४५, ४६ असे आकडे येतात. सरासरी गुरुवारीही पट्ट्याच्या किंचित खालीच असते, कारण सात दिवसांची सरासरी घसरायला जशी वेळ घेते तशी सावरायलाही घेते. ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. अशा वेळी लागोपाठ तीन सकाळी आकडा पट्ट्यात आणि नाडी मूळ पातळीवर आली की कठीण सरावाला परतायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप जुन्या प्रशिक्षकांचा असतो: मनगटावर बोट ठेवून नाडी मोजत होतो तेवढं पुरेसं नाही का? बऱ्याच अंशी पुरेसं आहे, आणि ज्याच्याकडे छातीचा पट्टा नाही त्याने तेच करावं. पण नाडीचा आकडा थोडा हलतो आणि उशिरा हलतो. शिवाय ताप, उकाडा, शरीरातलं पाणी कमी होणं, रात्रीची दारू, यांतल्या कशानेही ती चढते. स्त्रियांमध्ये पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात नाडी दोन-चार ठोक्यांनी वर आणि एचआरव्ही थोडं खाली असणं नैसर्गिक आहे. घड्याळ त्याला थकवा म्हणतं आणि महिन्यातून दहा दिवस उगाच घाबरवतं. त्यांनी आपले आकडे आधीच्या चक्रातल्या त्याच दिवसांशी ताडावेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अ‍ॅना सॉ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. खेळाडूने स्वतः सांगितलेली झोप, थकवा आणि मनःस्थिती ही सरावाचा ताण यंत्रांनी मोजलेल्या बहुतेक गोष्टींपेक्षा चांगली दाखवते, असं त्यांना आढळलं. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच आग्रह असा की सकाळी आकडा बघण्यापूर्वी ‘आज पाय कसे, झोप कशी’ हे एक ते पाचमध्ये लिहून टाकावं. आकडा आधी पाहिला की जाणीव त्याच्या रंगाने रंगते आणि मग दोन साक्षीदारांऐवजी एकच उरतो. एचआरव्हीच्या बाजूचा पुरावाही आहे. फिनलंडमध्ये व्हेस्टेरिनेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हौशी धावपटूंचे दोन गट केले. ज्यांचा कठीण सराव एचआरव्ही पाहून ठरत होता त्यांनी आठ आठवड्यांत सरासरी तेरा मध्यम-कठीण सराव केले, ठरलेल्या वेळापत्रकाच्या गटाने जवळजवळ अठरा. तरी ३००० मीटरमधली स्पष्ट सुधारणा पहिल्या गटाची होती, दोन टक्क्यांच्या आसपास. फायदा मोठा नाही. पण कमी कठीण सरावात तो मिळाला, हे महत्त्वाचं.

आता ‘रेडीनेस स्कोअर’बद्दल, जो मला मनापासून खटकतो. शंभरपैकी ६२ असा एक आकडा येतो. त्यात एचआरव्ही, नाडी, झोप, कालचा सराव असं सगळं एकत्र कालवलेलं असतं, आणि प्रमाण किती हे बहुधा कंपनी सांगत नाही. काल २८ किलोमीटर पळालात म्हणून गुण कापले, आणि त्याच पळण्याने एचआरव्ही उतरलं म्हणून पुन्हा कापले: एकच ताण दोनदा मोजला गेला. याहून वाईट म्हणजे या स्कोअरमागे ‘एचआरव्ही जितकं जास्त तितकं चांगलं’ हे गृहीत बसलेलं असतं. फ्रान्समध्ये ले मूर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ट्रायथलॉनपटूंवर मुद्दाम जादा सराव लादला. जे त्यामुळे थकून मंदावले त्यांच्यात व्हेगसचा प्रभाव उलट वाढलेला दिसला. एचआरव्ही वर, नाडी खाली, आणि कामगिरी घसरलेली. असा खेळाडू जोर लावतो तरी नाडी नेहमीच्या उंचीवर चढत नाही आणि पाय शिशासारखे होतात. घड्याळ त्याला हिरवा रंग दाखवून आणखी ताणायला सांगतं. याच्या उलट, फार तयारीच्या खेळाडूची नाडी चाळिशीत गेली की व्हेगसचा प्रभाव इतका सलग होतो की श्वासाबरोबरचा चढउतारच बुजतो आणि एचआरव्ही खाली दिसतं, थकवा नसताना. म्हणून पट्ट्याच्या वर गेलेली सरासरीही खाली गेलेल्या सरासरीइतक्याच गांभीर्याने तपासावी, आणि एचआरव्ही कधीही नाडीशिवाय वाचू नये.

आणखी एक गैरसमज जिवावर बेतणारा आहे. चांगलं एचआरव्ही म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं मुळीच नाही. या मोजणीत त्या दिसतच नाहीत. छातीत दुखणं, पळताना भोवळ, घरात अकाली हृदयविकार असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे जा, घड्याळ काहीही म्हणो. ताप असेल आणि नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वर असेल, तर त्या दिवशी हलकंही पळू नका.

जानेवारीत पळणार असाल तर मोजणी आजच सुरू करा. पहिले तीन-चार आठवडे फक्त नोंदी ठेवा, त्यावरून एकही सराव बदलू नका. पट्टा तयार होण्यापूर्वी घेतलेला निर्णय हा अंदाजच असतो. आणि घड्याळातला तो शंभरपैकीचा स्कोअर सेटिंगमध्ये जाऊन लपवता येत असेल, तर तोवर लपवून ठेवा.