शिमग्याची बोंब

फाल्गुन उजाडला की संगमेश्वराकडे दोन होळ्या असतात. एक शाळेच्या पुस्तकातली. तिच्यात हिरण्यकश्यपू, त्याची बहीण होलिका आणि तिच्या मांडीवरून न भाजता उठून आलेला प्रल्हाद. दुसरी गावातली. तिच्यात प्रल्हाद औषधालाही नाही. पालखीपुढे गाऱ्हाणं घातलं जातं तेव्हा ग्रामदेवतेचं नाव येतं, वाटेवरच्या देवांचं, सीमेवरच्या राखणदाराचं, गाव वसवणाऱ्या पूर्वजांचंही येतं. होलिकेचं येत नाही. आणि या दुसऱ्या होळीला कोणी होळी म्हणतही नाही. तो शिमगा. होळी म्हणजे मांडावर उभं करायचं झाड.

फाल्गुन शुद्ध पंचमीला, फाकपंचमीला, त्याची सुरुवात होते. त्या रात्री वाडीतली पोरं पातेरा, काटक्या, गोवऱ्या जमवून पहिली होळी पेटवतात. लहानशीच, गुडघ्याएवढी. मग रोज रात्री एक. तोंडावर उलटा हात मारून बोंबा ठोकायच्या, फाका घालायच्या. त्यांत कोणाकोणाची नावं गुंफलेली असतात, आणि एरवी घरात उच्चारले तर पाठीत धपाटा बसेल असे शब्दही असतात. ज्याच्या नावाने बोंब उठते तो खळ्यात बसून ऐकतो. चिडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. पोरांना हा परवाना दिला कोणी?

परवान्याचा कागद भविष्योत्तर पुराणात आहे. युधिष्ठिर कृष्णाला विचारतो, फाल्गुनी पौर्णिमेला गावोगाव पोरं घराघरांतून एवढा कल्ला का करतात? कृष्ण त्याला रघुराजाच्या काळातली हकिकत सांगतो. ढुंढा नावाची राक्षसी लेकरांना छळत होती. लोक राजाकडे गेले, राजा वसिष्ठांकडे. वसिष्ठांनी तिचं मूळ सांगितलं. माली राक्षसाची ही मुलगी. तिने तप करून शंकराकडून वर घेतला, की देवांकडून मरण नको, माणसांकडून नको, शस्त्राने नको, थंडीने, उन्हाने, पावसाने नको. शंकराने वर दिला, पण एक पाचर मारून ठेवली. ऋतू पालटताना वेड्यासारखी हुंदडणारी पोरं, त्यांचं भय तुला राहील. मग उपाय ठरला. थंडी सरून उन्हाळा लागण्याच्या पौर्णिमेला पोरांनी लाकडी तलवारी घेऊन बाहेर पडावं, लाकडं-गोवऱ्या रचून पेटवाव्यात, तीन फेऱ्या घालाव्यात, टाळ्या पिटाव्यात, हसावं, आणि मनाला येईल ते बेधडक बोलावं. तेवढ्याने ती गेली.

ही कथा मला प्रल्हादाच्या कथेहून फार चतुर वाटते. प्रल्हादाच्या गोष्टीतून आग समजते, बोंब समजत नाही. ढुंढेच्या गोष्टीत बोंब हेच हत्यार आहे. आणि पीडा कसली, तर ऋतू पालटताना लेकरांना होणारी. उन्हं तापायला लागली की गोवर-कांजिण्यांची साथ येते, हे आजही कुठल्याही आजीला विचारावं. मोठ्यांच्या देखत ज्याला ब्र काढायची मुभा नाही त्याच्या तोंडाला राक्षसी घाबरते, असा या पुराणकाराचा हिशेब.

ही सगळी जुनी वचनं ज्यांनी एकत्र लावली ते महामहोपाध्याय पां. वा. काणे रत्नागिरी जिल्ह्यातलेच, चिपळूणजवळच्या परशुराम-पेढ्याकडचे. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात होलिकेवर जे प्रकरण आहे त्यात ढुंढा आहे, आणि तिच्याही मागे जैमिनीची मीमांसासूत्रं आहेत. तिथे ‘होलाका’ हा पूर्वेकडच्या लोकांचा आचार म्हणून चर्चेला येतो आणि प्रश्न पडतो, की एका प्रदेशातला आचार सगळ्यांना लागू धरायचा का? म्हणजे सण आधीपासून होता, त्याला कथा मागाहून चिकटल्या. कुठे प्रल्हाद, कुठे ढुंढा, दक्षिणेत मदनाला जाळणारा शंकर, कुठे पूतना.

रंगाचंही तसंच. आपल्या भाषेची पणजी जी महाराष्ट्री प्राकृत, तिच्यातल्या हालाच्या गाथासप्तशतीत फाल्गुनोत्सव आहे, पण तिथे गुलाल दिसत नाही. अंगाला फासलेला चिखल दिसतो, आणि सणाच्या दिवशी तो फासला तर दोष नाही असं गाथा सुचवते. बोंबेला माफी, चिखलाला माफी. राख उधळायची धुळवड त्याच घरातली.

पण संगमेश्वराकडची आग ओळखायची तर पुराणाआधी शेतात जावं. माघ-फाल्गुनात डोंगरउतारावर धूर दिसतो तो भाजावळीचा. झाडांची कवळं तोडून वाळवायची, शेण, पातेरा आणि गवताबरोबर थरांनी तरव्यावर पसरायची आणि वारा पडला असताना वरच्या अंगाने पेटवायची. त्याने तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, आणि पावसाळ्यात भाताचं-नाचणीचं रोप त्या राखेत उठतं. शिमग्याचा होम आणि भाजावळ एकाच सुमाराला येतात. पोरांची पातेऱ्याची होळी पाहिली की मला तरव्याचीच आठवण होते.

होळीचं झाड आणणं हा मोठ्यांचा खेळ. कुठे आंबा, कुठे सुरमाड, कुठे सावर. गावाची जी चाल असेल ती. आधी झाडाची पूजा, नारळ, मग मानकऱ्याचा पहिला घाव. झाड जमिनीवर आपटू द्यायचं नसतं. पडतानाच खांद्यांवर घ्यायचं, दोऱ्या लावायच्या आणि बांधांवरून, व्हाळातून, बोंबा मारत सहाणेपर्यंत आणायचं. पन्नास माणसांचा खांदा एका लयीत पडला नाही तर बुंधा मागच्यांच्या पायावर येतो. म्हणून ढोल हवा. मांडावरच्या खड्ड्यात ते उभं राहतं. भोवती गवत आणि लाकडं रचली जातात.

कधी पेटवायचं यात दोन पंथ आहेत. काही गावांचा शिमगा तेरसेचा, त्रयोदशीला होम करणारा. बाकीच्यांचा भद्रेचा. पौर्णिमेच्या तिथीचा पहिला अर्धा भाग म्हणजे भद्रा, आणि तिच्यात होळी पेटवायची नाही असा दंडक. त्यामुळे भद्रा संपेपर्यंत गाव ताटकळतं. कधी मध्यरात्र होते, कधी पहाट. नवीन सुनेला माहेरचा तेरसेचा आणि सासरचा भद्रेचा असे दोन्ही शिमगे पदरात पडतात, हा त्यातला फायदा.

होमाच्या आधी रूपं लागतात. देवीचे धातूचे मुखवटे वर्षभर पेटाऱ्यात बंद असतात. ते काढून घासायचे, पालखीत बसवायचे, नवी वस्त्रं नेसवायची, दागिने, फुलं. हे काम गुरवाचं आणि मानकऱ्यांचं. कोणाचा हात कशाला लागायचा ते ठरलेलं. मग ढोल-ताशे चढतात आणि पालखी नाचते. पुढे एक, मागे एक गडी; दांडा खांद्यावरून डोक्यावर, डोक्यावरून पुन्हा खांद्यावर, गुडघ्यात वाकून गरकन वळायचं. मागच्याला पुढच्याची पाठच दिसते, त्याचा अंदाज दांड्याच्या हिसक्यावरून घ्यायचा. नवखा गडी ओळखू येतो तो इथेच. त्याचे डोळे पालखीकडे असतात, मुरलेल्याचे पायांकडे.

आणि मग देवी घरोघर निघते. एरवी माणसं देवळात जातात. या दिवसांत देव दारात येतो. खळं सारवलेलं, पाट मांडलेला. खण-नारळाने ओटी भरली जाते, फेडायचा नवस फेडला जातो. गाऱ्हाणं घालणारा मोठ्या आवाजात त्या घराचं सगळं मांडतो, मुलाची नोकरी, लेकीचं लग्न, म्हातारीचं दुखणं; आणि प्रत्येक वाक्याला खळ्यातली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. फाकपंचमीला जे तोंड शेजाऱ्याच्या नावाने बोंबलत होतं तेच आता त्याच्या भल्यासाठी होकार भरतं. याच दिवसासाठी मुंबईचे चाकरमानी संगमेश्वर रोड स्टेशनवर उतरतात आणि वर्षभराची कुलपं उघडतात. घर बंद राहिलं तर पालखी पुढे जाते, आणि ते कोणालाच सोसत नाही.

संगमेश्वराच्या शिमग्याला आणखी एक थर आहे, तो इतिहासाचा. 1 फेब्रुवारी 1689 रोजी मुकर्रबखानाने संभाजी महाराजांना इथेच पकडलं. तिथी माघ वद्य सप्तमी. महाराजांची हत्या झाली 11 मार्चला, फाल्गुन वद्य अमावास्येला. मधले दिवस मोजले तर त्या वर्षीची होळी पौर्णिमा कैदेनंतर साधारण तेवीस दिवसांनी येते. त्या फाल्गुनात इथे होम झाला की नाही, कोण गावात उरलं होतं, हा प्रश्न कसब्याच्या रस्त्याने जाताना मनात येतोच.

रंगाची खरी पाळी शेवटी येते. बाकी महाराष्ट्राची रंगपंचमी उरकल्यावर, पालखी फिरून आली की संगमेश्वरात जाखमाता आणि निनावी या ग्रामदेवतांचं शिंपणं होतं. रंग लाल. माणूस, रस्ता, भिंत, सगळं लाल. आणि जेवण मटण-भाकरीचं. लालच का, याची उत्तरं गावात अनेक मिळतील. माझा तर्क असा, की रक्षण करणाऱ्या देवीला पूर्वी जे रक्त वाहिलं जाई त्याचं काम इथे रंग करतो, आणि ताटातलं मटण त्याला दुजोरा देतं. पुरणपोळी होमाच्या दिवसाची. हा सण सामिष आहे, आणि ते लपवण्याची इथे कोणाला गरज वाटत नाही.

या सगळ्यात बिघडतं ते एकाच जागी, मानात. पहिला खांदा कोणाचा, ओटी आधी कोणाची, पालखी कुठल्या वाडीत आधी. कोकणात या वादांपायी कित्येक पालख्या वर्षानुवर्षं देवळात अडकून पडल्या आहेत, तहसीलदारासमोर बैठका झाल्या आहेत, बंदोबस्तात शिमगे झाले आहेत. मनाला येईल ते बोलायची मुभा पुराणाने पोरांना दिली. मोठे भांडतात ते कोणी काय बोललं यावरून नव्हे, कोण आधी बोललं यावरून. शिंपण्याचा रंग नखांतून जायच्या आत गावकीची बैठक बसते. वर्गणी, ढोलवाल्यांची बिदागी, नारळांचा हिशेब वाचला जातो. मग कोणीतरी घसा खाकरतो आणि तेरसेच्या रात्रीचा विषय काढतो.